सेंटात मोजलेले जीवनसत्त्व

१९४५ साली जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने एक साधा दिसणारा प्रश्न मांडला. सुमारे ७० किलो वजनाच्या, मध्यम कष्टाची कामे करणाऱ्या पुरुषाला वर्षभर पुरेसे पोषण मिळायला हवे, तर कमीत कमी किती खर्च येईल? त्याने ७७ खाद्यपदार्थ निवडले आणि १९३९ च्या ऑगस्टमधल्या भावांनी एका डॉलरमध्ये प्रत्येक पदार्थातून काय काय मिळते याचा तक्ता केला. रोजच्या गरजा ९ होत्या: ऊर्जा, प्रथिने, कॅल्शियम, लोह, अ जीवनसत्त्व, थायमिन, रायबोफ्लेविन, नायसिन आणि क जीवनसत्त्व. बरीच आकडेमोड आणि चतुर अंदाज यांच्या जोरावर तो वर्षाला ३९.९३ डॉलरच्या आहारापर्यंत पोचला. त्यात पाचच पदार्थ होते: गव्हाचे पीठ, डबाबंद आटवलेले दूध, कोबी, पालक आणि नेव्ही बीन्स नावाचा बारीक पांढरा घेवडा. हाच सर्वांत स्वस्त आहार आहे असा दावा मात्र त्याने केला नाही, कारण त्याची खात्री करण्याची थेट रीत त्याच्याजवळ नव्हती.

पूर्ण उत्तर दोन वर्षांनी निघाले. जॉर्ज डँट्झिगने नुकतीच सिम्प्लेक्स पद्धत शोधली होती. ती पारखण्यासाठी १९४७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या जॅक लॅडरमन यांनी हीच समस्या घेतली. ९ कारकुनांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर हिशेब केला आणि त्याला १२० मनुष्यदिवस लागले. उत्तर आले ३९.६९ डॉलर. आजच्या संगणकावर तेच ३९.६६ येते. म्हणजे स्टिग्लर जेमतेम पाव डॉलरने चुकला होता.

या प्रकरणात माझे लक्ष उत्तरापेक्षा उत्तराच्या खात्रीकडे आहे. एखादा आहार पुढे ठेवून कोणी म्हणाले, ‘याहून स्वस्त जमणारच नाही,’ तर ते सिद्ध कसे करायचे? संभाव्य आहार तर अगणित असतात. या प्रश्नाचा पाठपुरावा केला की मूळ समस्येच्या पोटातून दुसरीच एक समस्या बाहेर येते. तिला द्वैती समस्या म्हणतात, आणि तिच्यातल्या चलांना सरळ बाजारभावाचा अर्थ असतो.

आधी स्टिग्लरच्या तक्त्याचा लहानसा तुकडा घेऊ. पदार्थ तीन: पीठ, घेवडा आणि आटवलेले दूध. गरजा दोन: रोज ३ हजार कॅलरी आणि ०.८ ग्रॅम कॅल्शियम. आकडे जवळच्या पूर्णांकात घेतले, तर एका डॉलरच्या पिठात ४५ हजार कॅलरी आणि २ ग्रॅम कॅल्शियम असते. एका डॉलरच्या घेवड्यात २७ हजार कॅलरी आणि ११ ग्रॅम, तर दुधात ८ हजार कॅलरी आणि १५ ग्रॅम. पिठावर रोज x डॉलर, घेवड्यावर y आणि दुधावर z डॉलर खर्च केले, तर समस्या अशी दिसते:

x + y + z किमान करा
४५x + २७y + ८z ≥ ३ (हजार कॅलरी)
२x + ११y + १५z ≥ ०.८ (ग्रॅम कॅल्शियम)
x, y, z ≥ ०

आता खर्चाला खालून कुंपण घालू. पहिली अट सांगते की ४५x + २७y + ८z हे निदान ३ आहे. तिला ४५ ने भागले की x + (२७/४५)y + (८/४५)z ≥ ३/४५. डावीकडे x चा गुणक १ आहे आणि y व z यांचे गुणक १ पेक्षा कमी आहेत. म्हणून x + y + z हे डाव्या बाजूपेक्षा लहान असू शकत नाही. म्हणजे कोणताही आहार घ्या, खर्च ३/४५ डॉलर, म्हणजे ६.६७ सेंट तरी होणारच. एकही आहार न तपासता आपण सर्व आहारांबद्दल एक विधान केले.

फक्त दुसरी अट घेऊन तिला १५ ने भागले, तर ५.३३ सेंटांचे कुंपण मिळते. ते पहिल्यापेक्षा खाली आहे, म्हणजे कमी कामाचे. पण दोन्ही अटी एकत्र वापरायला कोणाची हरकत आहे? पहिलीला u ने गुणू, दुसरीला v ने, आणि बेरीज करू. गुणायच्या संख्या ऋण नकोत, नाहीतर ‘≥’ हे चिन्ह उलटेल. बेरजेत x चा गुणक ४५u + २v, y चा २७u + ११v आणि z चा ८u + १५v असा येतो. उजवीकडे ३u + ०.८v उरते. हे तिन्ही गुणक १ पेक्षा जास्त नसतील, तर खर्च निदान ३u + ०.८v असणारच. मग सर्वांत उंच कुंपण हवे असेल तर काय करायचे ते आपोआप लिहून होते:

३u + ०.८v कमाल करा
४५u + २v ≤ १
२७u + ११v ≤ १
८u + १५v ≤ १
u, v ≥ ०

हीच द्वैती समस्या. मूळ समस्येत जे आकडे ओळीत होते ते इथे उभ्या रांगेत आले. गरजांचे आकडे उद्दिष्टात गेले आणि भाव अटींच्या उजव्या बाजूला आले. मूळच्या प्रत्येक अटीमागे इथे एक चल आहे, आणि मूळच्या प्रत्येक चलामागे इथे एक अट. पुस्तकांत ही अदलाबदल पाठ करायच्या कोष्टकासारखी दिलेली असते. पण ‘अटींना गुणून खर्चाखाली कुंपण घालतो आहोत’ एवढे लक्षात ठेवले की कोष्टक पाठ नसले तरी चालते. चिन्ह चुकले तर कुंपणच कोसळते आणि चूक लगेच कळते.

u आणि v म्हणजे काय ते विचारण्यापूर्वी त्यांचे एकक पाहावे. कोणत्याही द्वैती चलाचा अर्थ लावताना पहिली पायरी हीच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. ४५u + २v ची तुलना एका डॉलरशी होते आहे, आणि ४५ हे हजार कॅलरींत आहे. म्हणून u चे एकक ‘डॉलर दर हजार कॅलरी’ आणि v चे ‘डॉलर दर ग्रॅम कॅल्शियम’ असलेच पाहिजे. उद्दिष्टाचे एकक भागिले त्या अटीचे एकक. हा भाव आहे, पण पिठाचा किंवा घेवड्याचा नाही, तर पिठात दडलेल्या ऊर्जेचा आणि कॅल्शियमचा.

या भावाला एक माणूस जोडला की चित्र स्पष्ट होते. समजा एक औषधवाला शुद्ध ऊर्जेच्या आणि शुद्ध कॅल्शियमच्या गोळ्या विकतो. त्याला आपल्याकडून जास्तीत जास्त पैसे हवेत: ३ हजार कॅलरी u दराने आणि ०.८ ग्रॅम कॅल्शियम v दराने. मात्र एक डॉलरच्या पिठात जे मिळते तेच त्याच्या गोळ्यांतून घ्यायला एका डॉलरपेक्षा जास्त लागले, तर आपण पीठच आणू. घेवड्याचे आणि दुधाचेही तसेच. द्वैती समस्येच्या तीन अटी म्हणजे या तीन पदार्थांशी त्याची स्पर्धा. आपण खर्च खाली खेचतो, तो कमाई वर ढकलतो आणि दोघे एकाच रकमेवर येऊन थांबतात.

खरेच येतात का, ते पाहू. पिठाची आणि घेवड्याची अट दोन्ही बरोबर १ ला टेकल्या असे मानून समीकरणे सोडवली, तर u = १/४९ आणि v = २/४९ मिळतात. दुधाची अट तपासली तर ८/४९ + ३०/४९ = ३८/४९, म्हणजे १ च्या आत. औषधवाल्याची कमाई ३/४९ + १.६/४९, म्हणजे ४.६/४९ डॉलर, अर्थात ९.३९ सेंट. आता मूळ समस्येत दूध शून्य ठेवून दोन्ही गरजा नेमक्या भागवल्या, तर पिठावर २.५९ आणि घेवड्यावर ६.८० सेंट लागतात. बेरीज ९.३९ सेंट. आहार हातात आहे आणि त्याच उंचीचे कुंपणही हातात आहे. याहून स्वस्त आहार शोधण्यात अर्थ नाही हे आता सिद्ध झाले, आणि कोणीही पाच मिनिटांत कागदावर ते पडताळू शकतो.

हे जुळणे योगायोगाने घडत नाही. १९४७ च्या ऑक्टोबरात डँट्झिग प्रिन्स्टनला जॉन फॉन नॉयमन यांना भेटायला गेले आणि त्यांनी आपली समस्या फळ्यावर मांडली. फॉन नॉयमन यांनी खेळांच्या सिद्धांतातून परिचित असलेल्या याच जोडरचनेबद्दल त्यांना तिथल्या तिथे समजावून सांगितले. दोन्ही समस्यांना उत्तर असेल, तर दोन्हींची इष्टतम किंमत एकच असते, या प्रमेयाची सुरुवात त्या भेटीत झाली. गेल, कुन आणि टकर यांनी दिलेली त्याची सिद्धता १९५१ मध्ये छापून आली.

आता मिळालेले भाव वाचू. ऊर्जेचा भाव हजार कॅलरींना २.०४ सेंट, कॅल्शियमचा ग्रॅमला ४.०८ सेंट. यावरून तीन गोष्टी थेट सांगता येतात. पहिली, ९.३९ सेंटांच्या खर्चापैकी ६.१२ सेंट ऊर्जेसाठी गेले आणि ३.२७ कॅल्शियमसाठी. घेवड्याच्या डब्याकडे पाहून ही विभागणी कधीच कळली नसती. दुसरी, कॅल्शियमची गरज ०.८ वरून ०.९ ग्रॅम केली तर रोजचा खर्च ०.१ × ४.०८, म्हणजे सुमारे ०.४१ सेंटाने वाढेल. नवी समस्या मुळापासून सोडवली तर खर्च ९.८० सेंट येतो, फरक तेवढाच. तिसरी गोष्ट दुधाची. एक डॉलरच्या दुधातल्या ऊर्जेचे या भावाने १६.३ सेंट होतात आणि कॅल्शियमचे ६१.२, एकूण ७७.६ सेंट. म्हणजे या आहारात दूध डॉलरमागे साडेबावीस सेंटांनी महाग पडते. भाव निदान एवढा उतरल्याशिवाय ते ताटात येणार नाही.

इथे एक नियम उघड होतो. जो पदार्थ आपण विकत घेतो, त्याचे पोषणमूल्य या भावांनी त्याच्या किमतीइतकेच भरते. जो किमतीला महाग पडतो, तो घेतला जात नाही. दुसऱ्या बाजूने, ज्या पोषकाचा भाव शून्याहून जास्त आहे, ते आपण गरजेपेक्षा कणभरही जास्त घेत नाही. आणि जे गरजेपेक्षा जास्त येते, त्याचा भाव शून्य असतो.

आता चिन्हांचा प्रश्न. समजा जेवणाऱ्याने सांगितले, ‘रोज ४ सेंटांपेक्षा जास्त घेवडा मी खाणार नाही.’ ही नवी अट y ≤ ०.०४ अशी आहे, म्हणजे आधीच्या अटींच्या उलट दिशेची. कुंपण बांधायचे तर तिला ऋण संख्येने गुणायला हवे, म्हणून −w घेऊ, जिथे w ≥ ०. द्वैती समस्येचे उद्दिष्ट ३u + ०.८v − ०.०४w होते आणि घेवड्याची अट २७u + ११v − w ≤ १ अशी बदलते. सोडवल्यावर u सुमारे १.९७ सेंट, v सुमारे ५.६१ सेंट आणि w सुमारे ०.१५ येतो. एकूण खर्च ९.८१ सेंट.

w चे एकक काय? उद्दिष्ट डॉलरमध्ये, अटही घेवड्यावरच्या डॉलरमध्ये, म्हणून w नुसती संख्या आहे: डॉलरमागे पंधरा सेंट. घेवड्याची मर्यादा एका सेंटाने सैल केली तर एकूण खर्च ०.१५ सेंटाने उतरतो. जेवणाऱ्याच्या आवडीची ही किंमत आहे, आणि द्वैती समस्या लिहिल्याशिवाय ती कोणाच्या हिशेबात येत नाही. त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. घेवडा अडवल्यावर दूध ताटात आले आणि कॅल्शियमचा भाव ४.०८ वरून ५.६१ सेंटांवर चढला. भाव पोषकाच्या अंगात नसतो. आसपासचे पर्याय त्याला ठरवतात.

खर्च किमान करायचा असेल तर चिन्हांचे नियम आता अर्थानेच सांगता येतात. ‘निदान इतके हवे’ अशी गरज वाढवली तर खर्च कमी होऊच शकत नाही, म्हणून तिचा भाव ऋण नसतो. ‘याहून जास्त नको’ अशी मर्यादा सैल केली तर खर्च वाढत नाही, म्हणून तिचा भाव धन नसतो. ‘नेमके इतकेच’ अशी अट असेल तर भाव कुठल्याही चिन्हाचा येऊ शकतो. समजा ऊर्जा नेमकी ३ हजारच हवी आणि आणखी थोडी घेण्याची मुभा मिळाल्यावर खर्च उतरत असेल, तर ऊर्जेचा भाव ऋण निघेल. मूळ समस्येतले एखादे चल ऋणही असू शकत असेल, म्हणजे तो पदार्थ त्याच भावाने विकताही येत असेल, तर द्वैतीतली त्याची अट ‘≤’ न राहता ‘=’ होते. ज्याची खरेदी आणि विक्री एकाच भावाने चालते, त्याचे मूल्य त्या भावाहून कमीही असू शकत नाही आणि जास्तही नाही.

आता ७७ पदार्थांच्या पूर्ण तक्त्याकडे जाऊ. इष्टतम आहारात पाच पदार्थ येतात: पीठ, गोमांसाचे यकृत, कोबी, पालक आणि घेवडा. रोजचा खर्च १०.८७ सेंट. आहारातून ऊर्जा, कॅल्शियम, अ जीवनसत्त्व, रायबोफ्लेविन आणि क जीवनसत्त्व नेमके गरजेइतके मिळते. प्रथिने मात्र ७० ग्रॅमऐवजी १४७ ग्रॅम येतात, लोह १२ ऐवजी ६० मिलिग्रॅम, आणि थायमिन व नायसिनही गरजेहून बरेच जास्त. या चौघांचा भाव शून्य. याचा अर्थ प्रथिने निरुपयोगी असा कोणी घेऊ नये. या भावांत आणि या गरजांत प्रथिनांचा शेवटचा ग्रॅम फुकट पडतो, एवढेच शून्य सांगते. प्रथिनांची गरज १५० ग्रॅम केली असती तर हे शून्य टिकले नसते.

उरलेल्या पाचांचे भाव वाचण्यासारखे आहेत. हजार कॅलरींना ०.८८ सेंट, कॅल्शियमच्या ग्रॅमला ३.१७ सेंट, रायबोफ्लेविनच्या मिलिग्रॅमला १.६४ सेंट, अ जीवनसत्त्वाच्या हजार एककांना ०.०४ सेंट आणि क जीवनसत्त्वाच्या मिलिग्रॅमला ०.०१४४ सेंट. प्रत्येकाला रोजच्या गरजेने गुणले तर ऊर्जेवर सुमारे २.६ सेंट, कॅल्शियमवर २.५, अ वर ०.२, क वर १.१ आणि रायबोफ्लेविनवर ४.४ सेंट असा हिशेब होतो. दिवसाला २.७ मिलिग्रॅम लागणाऱ्या एका जीवनसत्त्वावर एकूण खर्चाचे दोन पंचमांश जातात! पोट भरण्याचा खर्च त्यामानाने एक चतुर्थांशाहून कमी. पिठाचे उदाहरण घ्या. एक डॉलरच्या पिठात ४४.७ हजार कॅलरी, २ ग्रॅम कॅल्शियम आणि ३३.३ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन असते, कारण ते बाहेरून जीवनसत्त्वे मिसळलेले पीठ होते. या भावांनी त्यातल्या ऊर्जेचे ३९ सेंट होतात, कॅल्शियमचे ६ आणि रायबोफ्लेविनचे ५५. हे पीठ प्रामुख्याने रायबोफ्लेविनसाठी घेतले जाते आहे.

आता स्टिग्लरच्या आहाराचे परीक्षण करता येते. त्याच्या यादीतल्या डबाबंद दुधाच्या एका डॉलरमध्ये ८.४ हजार कॅलरी, १५.१ ग्रॅम कॅल्शियम, २६ हजार एकके अ जीवनसत्त्व, २३.५ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन आणि ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व होते. भाव लावले की मूल्य ९५.७ सेंट भरते. म्हणजे दुधावर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे ४.३ सेंट जास्त गेले. त्याने वर्षाला ३.८४ डॉलरचे दूध धरले होते, त्यामुळे साडेसोळा सेंट तिथे सांडले. शिवाय त्याच्या आहारात रायबोफ्लेविन वर्षाला सुमारे ६ मिलिग्रॅम जास्त येत होते. १.६४ च्या दराने त्याचे जवळपास १० सेंट झाले. या दोन बाबींतच ३९.९३ आणि ३९.६६ मधला २७ सेंटांचा बहुतेक सगळा फरक सापडतो. कोणताही आहार इष्टतम आहारापेक्षा किती महाग आहे, ते याच दोन खात्यांतून निघते: महाग पडणारे पदार्थ किती घेतले, आणि भाव असलेली पोषके गरजेपेक्षा किती जास्त आणली. ७७ पदार्थांची समस्या पुन्हा सोडवावी लागत नाही.

या भावांना हद्द असते, आणि चुका बहुधा ती विसरल्यामुळे होतात. आपल्या तीन पदार्थांच्या उदाहरणात कॅल्शियमची गरज हळूहळू वाढवत नेऊ. ती ०.१३ ग्रॅमच्या खाली असेल तर ३ हजार कॅलरींच्या पिठातूनच ती भागते आणि कॅल्शियमचा भाव शून्य राहतो. ०.१३ ते १.२२ ग्रॅमपर्यंत पीठ आणि घेवडा मिळून काम करतात, भाव ४.०८ सेंट. १.२२ च्या पुढे पीठ ताटातून जाते, दूध येते आणि भाव ५.९९ सेंटांवर चढतो. ५.६ ग्रॅमच्या पुढे घेवडाही जातो, फक्त दूध उरते आणि भाव ६.६७ होतो. भाव पायऱ्यांनी वर जातो, एका पायरीवर स्थिर राहतो, आणि गरज वाढली तर कधीही उतरत नाही. म्हणून ४.०८ हा भाव वापरून ‘कॅल्शियम ३ ग्रॅम केले तर खर्च किती वाढेल’ असे गुणाकाराने सांगणे चूक ठरेल. उत्तर खऱ्या वाढीपेक्षा नेहमी कमी येईल. अशा भावाला छायाकिंमत म्हणतात, आणि संगणकाने दिलेल्या प्रत्येक छायाकिमतीबरोबर तिची हद्दही मागून घ्यावी. बहुतेक सॉफ्टवेअर ती संवेदनशीलता अहवालात देतात.

पायथॉनमध्ये हेच गणित असे लिहिता येते:

```python
from scipy.optimize import linprog
r = linprog(c=[1, 1, 1],
            A_ub=[[-45, -27, -8], [-2, -11, -15]],
            b_ub=[-3, -0.8])
print(r.fun, r.x)
print(r.ineqlin.marginals)
```

भाव −०.०२०४ आणि −०.०४०८ असे छापले जातात. ऋण चिन्ह पाहून घाबरायचे कारण नाही. `linprog` ला असमता ‘≤’ प्रकारच्याच हव्या असतात, म्हणून आपण दोन्ही बाजू −१ ने गुणल्या. मग छापलेला भाव −०.८ या आकड्यात वाढ केल्याचा परिणाम सांगतो, गरज वाढवल्याचा नाही. दुसरी सॉफ्टवेअर दुसरा संकेत पाळतात. पुस्तिका वाचूनही शंका उरली, तर गरज थोडी वाढवून समस्या पुन्हा सोडवावी आणि खर्चातल्या फरकाला वाढीने भागावे. जे चिन्ह आणि जो आकडा येतो, तो खरा.

हा प्रयोग एका परिस्थितीत मात्र दोन उत्तरे देतो. कॅल्शियमची गरज बरोबर ११/९ ग्रॅम, म्हणजे १.२२२…, ठेवली तर ११.१ सेंटांचा नुसता घेवडा दोन्ही गरजा नेमक्या भागवतो. आपण दोन पायऱ्यांच्या कडेवर उभे असतो. गरज थोडी कमी केली तर ग्रॅममागे ४.०८ सेंट वाचतात, थोडी वाढवली तर ५.९९ सेंट जास्त लागतात. सॉफ्टवेअर यांपैकी एकच आकडा छापते, आणि कोणता ते हिशेब कुठल्या वाटेने तिथे पोचला यावर अवलंबून असते. ही अवस्था ओळखायची खूण सोपी आहे: गरजेला नेमक्या टेकलेल्या अटी दोन, पण ताटात पदार्थ एकच. टेकलेल्या अटींपेक्षा शून्याहून मोठी चले कमी दिसली, की त्या छायाकिमतीवर निर्णय घेण्याआधी गरज एकदा वाढवून आणि एकदा कमी करून, असे दोन्ही बाजूंचे भाव वेगवेगळे काढावेत.